बी आईपासून लांब पडलं तरच जगतं, हे पटलं. पण त्यामुळे जंगलात शेकडो जाती टिकतात हे कसं ठरवलं?

तन्वी_प
बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढते. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टरचा एक तुकडा आखून घेतलाय, १९८० च्या सुमारापासून त्यातलं बोटाएवढ्या जाडीचंसुद्धा प्रत्येक झाड मोजतात, आणि एवढ्याशा जागेत साधारण ३०० जातींची झाडं आहेत. सगळ्यांना ऊन तेच, पाणी तेच, माती जवळपास तीच. मग त्यातली सगळ्यात जोरदार जात बाकीच्यांना हाकलून का देत नाही?

याचं एक उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं. १९७० मध्ये डॅनियल जॅन्झन आणि १९७१ मध्ये जोसेफ कॉनेल या दोघांनी वेगवेगळं काम करून जवळपास एकच गोष्ट सांगितली, की आईच्या झाडाजवळ त्या जातीचे खास शत्रू जमलेले असतात, ते तिथल्या बिया आणि रोपं संपवतात, त्यामुळे आईच्या शेजारची जागा दुसऱ्या जातीला मिळते. ऐकायला एकदम पटतं. पण माझा प्रश्न पुढचा आहे. बिया मरतात हे दिसतं, मान्य. त्यातून विविधता टिकते ही उडी कशी मारली? दोन्हींच्या मध्ये पुरावा काय आहे?

मीनाताई
तन्वी, मी काही शास्त्रातली नाही पण रोज बघते ते सांगते. आमच्या घराशेजारी शेंगांचं एक मोठं झाड आहे, खाली शेंगांचा सडा पडतो. पावसानंतर शेकड्यांनी रोपं उगवतात आणि दोन महिन्यांनी बघावं तर एकही नाही. मला तर वाटतं सावलीमुळेच मरतात, आईचीच सावली, त्यात किड्यांचा काय संबंध? बाकी शेंगा फोडल्या की बऱ्याच बियांना बारीक गोल भोक असतं हे खरं, सुईने पाडल्यासारखं.

गिरीश_दादा
सोपं आहे हो. पक्षी, माकडं बिया लांब नेतात म्हणून विविधता टिकते. जवळच्या बिया उंदीर, खारी खातात, लांबच्या वाचतात. म्हणजे बिया खाणारा कुठलाही प्राणी असला की झालं, जेवढे जास्त प्राणी तेवढी जास्त विविधता.

बीजकोश
दोघांच्याही म्हणण्यात अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि राहिलेल्या अर्ध्यातच तन्वीचा प्रश्न आहे. मी काही वर्षं बियांच्या किड्यांवर काम केलंय त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी मीनाताईंचं भोक. ते किडा आत शिरल्याचं नसतं, बाहेर पडल्याचं असतं. मादी भुंगेरा शेंगेवर किंवा बीवर अंडं घालते, अळी इतकी बारीक असते की ती शिरते ती जागा डोळ्यांना दिसतच नाही, ती आतला गर खाते, तिथेच कोष करते आणि पूर्ण वाढलेला भुंगेरा गोल झाकण कापून बाहेर येतो. म्हणजे भोक दिसलं की समजायचं, हे बी केव्हाच संपलंय. आणि भोक नाही म्हणून बी चांगलं असंही नाही, अळी अजून आत असू शकते. जॅन्झनने कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलात वर्षानुवर्षं हेच केलं, बिया गोळा करायच्या, जातीनुसार वेगळ्या ठेवायच्या आणि कशातून कोण बाहेर येतं ते बघत बसायचं. १९८० मध्ये त्याने मांडलं की बियांमध्ये वाढणाऱ्या ११० च्या आसपास भुंगेऱ्यांपैकी तीन चतुर्थांश जाती तिथे फक्त एकाच जातीच्या झाडाच्या बियांमध्ये सापडल्या.

गिरीशदादा, सगळा खेळ इथे आहे. शत्रू जर कुठलंही बी खाणारा असेल तर आईजवळ तिचं बी मरेल तसंच शेजारच्या दुसऱ्या जातीचंही मरेल, मग जागा मिळाली कुणाला? 'कुठलाही प्राणी चालेल' असं म्हटलं की युक्तिवादच पडतो. शत्रू ठरावीक जातीचा पाहिजे, किंवा निदान त्याचा मोठा भार एकाच जातीवर पाहिजे.

तन्वी_प
हे पटलं. पण सावलीचं काय? मीनाताईंचा मुद्दा मला साधा वाटत नाही. आईखाली सावली असते, मुळांची स्पर्धा असते, आणि बिया पण तिथेच जास्त पडतात. मग जवळपणामुळे मेली, गर्दीमुळे मेली की अंधारामुळे, हे वेगळं कसं काढायचं?

बीजकोश
एकाच झाडाची गोष्ट नीट सांगतो, त्यातून निघेल. झाड आहे विरोला, जायफळाच्या कुळातलं, बारो कोलोराडोवरचं. फळ दोन भागांत उकलतं, आत लाल आवरणातलं एक मोठं बी. टूकन आणि तसे मोठे पक्षी ते गिळतात, लाल भाग पोटात पचतो आणि थोड्या वेळाने बी तोंडावाटे टाकून देतात, तोवर पक्षी दुसरीकडे गेलेला असतो. जी फळं पक्ष्यांना मिळत नाहीत ती सरळ खाली पडतात.

या बियांवर एक सोंडकिडा आहे, कोनोट्राकेलस. मादी जमिनीवर पडलेल्या बीवर अंडी घालते, अळी आत जाऊन अंकुराची वाट लावते. हेन्री हाऊ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये हिशेब दिला. आईच्या खाली पडलेल्या फळांपैकी ९९.९६ टक्के १२ आठवड्यांत मरतात. आणि ४५ मीटरवर पडलेल्या बीला आईखालच्या बीपेक्षा जगायची संधी ४४ पटींपर्यंत जास्त.

आता सावली. घनदाट जंगलात ४५ मीटरवर गेलं तरी डोक्यावर कुठल्यातरी दुसऱ्या झाडाचं छत असतंच, म्हणजे अंधार जवळपास तेवढाच, मालकीण फक्त बदलली. त्यात मेलेलं बी फोडलं की आत अळी सापडते किंवा तिने पोखरलेली पोकळी, सावलीने मेलेलं रोप तसं दिसत नाही. मीनाताई, तुमच्याकडे आजूबाजूला मोकळं ऊन असेल तर तुमच्या झाडाखाली सावलीचा वाटा मोठा असू शकतो, ते मी नाकारत नाही. पण तुमची रोपं गेली ती रात्रीतून बुंध्याशी मऊ होऊन आडवी पडली का? तसं असेल तर बुरशी. हळूहळू पिवळी पडून वाळली तर सावली किंवा पाणी. वरचा शेंडाच नाहीसा झाला तर कुणीतरी खाल्ला. मेलेलं रोप मेल्या दिवशी बघितलं तर बरंच कळतं, महिन्याने बघितलं तर काहीच नाही.

मीनाताई
आडवीच पडली होती बरीचशी! देठ बारीक होऊन, जमिनीलगत. मला वाटलं पाणी जास्त झालं.

बीजकोश
मग बुरशीचा संशय घ्यायला जागा आहे. ओल आणि सावली दोन्ही तिला मदतच करतात, त्यामुळे तुमचं सावलीचं म्हणणं अगदीच चूक नाही. बारो कोलोराडोवरच कॅरल ऑग्सपर्गर यांनी ८० च्या दशकात प्लॅटिपोडियम नावाच्या झाडाच्या रोपांवर हेच दाखवलं होतं, आईजवळची रोपं अशा बुरशीने जास्त मेली.

तन्वी, जवळपणा आणि गर्दी यांचं उत्तर राहिलं. ती दोन कारणं खरंच वेगळी आहेत. जवळपणाचं कारण हे की सोंडकिड्याची अळी बी सोडून मातीत जाते, तिथेच कोष करते, म्हणजे पुढची पिढी आईच्या पायाशीच बाहेर येते, मग तिथे बी एक असो की हजार. गर्दीचं कारण हे की कुठेही बियांचा ढीग दिसला की शत्रू तिथे ओढला जातो, आई जवळ नसली तरी. वेगळं करायचं तर आईजवळ विरळ बिया ठेवायच्या आणि जवळच दाट पण, तसंच लांबवर विरळ आणि दाट, असे चारही प्रकार, वर काहींवर जाळीचे पिंजरे, म्हणजे मोठे प्राणी बाहेर आणि किडे आत. नुसतं जवळ आणि लांब असं मोजलं तर दोन्ही कारणं एकमेकांत मिसळून जातात, आणि जुन्या बऱ्याच अभ्यासांत हीच अडचण आहे.

आकडेमोड
मधे बोलतो, कारण ४४ पट हा आकडा बघून लोक फार लवकर खूश होतात. ९९.९६ टक्के मेल्या म्हणजे १०,००० मध्ये ४ जगल्या. ४४ पट म्हणजे १०,००० मध्ये १७६. ठीक. आता बिया किती पडतात ते घ्या. समजा आईखाली एका ठरावीक जागेत १०,००० बिया पडल्या आणि ४५ मीटरवर तेवढ्याच जागेत १००. (हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, मोजलेले नाहीत.) जवळ जगल्या ४, लांब जगल्या १.७६. म्हणजे ४४ पट फायदा असूनही आईशेजारी आईचंच मूल येण्याची शक्यता जास्त राहिली! बियांची संख्या ४४ पटींपेक्षा कमी वेगाने घटली तरच लांबची जागा जिंकते. स्टीफन हबेलने १९८० मध्ये जॅन्झनच्या आलेखावर घेतलेल्या आक्षेपांपैकी एक हाच होता. जगण्याचं प्रमाण आणि जगलेल्यांची संख्या या वेगळ्या गोष्टी आहेत.

तन्वी_प
अरे हे फारच महत्त्वाचं आहे, मी हे कुठे वाचलंच नव्हतं. म्हणजे विरोलाचा पुरावा पडला?

बीजकोश
पडला नाही, पण एकट्याने पुरत नाही. आकडेमोड यांचा हिशेब बरोबर आहे, त्यात दोन गोष्टी जोडतो. एक म्हणजे १२ आठवडे हा झाडाच्या आयुष्याच्या मानाने काहीच नाही, जवळ राहिलेल्या त्या चार रोपांवर पुढची अनेक वर्षं तीच बुरशी, आईच्या पानांवरून पडणाऱ्या त्याच अळ्या सुरू राहतात, म्हणून दरवर्षी थोडा थोडा तोटा साचत जातो. दुसरं म्हणजे, विविधतेसाठी जवळची जागा पूर्ण मोकळी व्हायलाच पाहिजे असं नाही, आईच्या जातीला तिथे इतर जातींपेक्षा तोटा झाला तरी परिणाम सुरू होतो. किती तोटा पुरेसा, यावर मात्र अजून भांडणं चालू आहेत.

रोहन_के
मी उशिरा आलो, सगळं वाचलं नाही. म्हणजे झाडं लावताना एका जातीची दोन झाडं ४५ मीटर अंतरावर लावायची असा नियम आहे का? आमच्या गटाला पुढच्या महिन्यात रोपं लावायची आहेत.

बीजकोश
नाही रोहन, तसा नियम यातून निघत नाही. ४५ मीटर हे त्या एका अभ्यासात त्यांनी बिया तपासलेलं अंतर आहे, सगळ्या झाडांसाठीची सुरक्षित रेषा नव्हे. दुसऱ्या झाडाचा किडा १० मीटरवर थांबेल किंवा शेकडो मीटर उडेल. आणि तुम्ही वाढलेली रोपं लावणार असाल तर बी खाणाऱ्या किड्याचा टप्पा आधीच ओलांडलाय, हा धागा मुख्यतः त्या टप्प्याबद्दल आहे.

आकडेमोड
तन्वीच्या मूळ प्रश्नावर येतो, बी मरण्यापासून विविधतेपर्यंतची उडी. हबेलचा दुसरा मुद्दा भूमितीचा होता, तो मी माझ्या पद्धतीने मांडतो, कागदावर करून बघा. जंगल म्हणजे मधमाशीचं पोळं समजा, प्रत्येक घरात एक झाड. शत्रू इतके जबर की आईला लागून असलेल्या सहा घरांत तिची जात अजिबात येऊ शकत नाही. तर पूर्ण पोळं भरायला कमीत कमी किती जाती लागतील? तीन! तीन रंगांनी पोळं असं रंगवता येतं की शेजारी शेजारी एकच रंग येत नाही. शत्रूंचा पट्टा दोन घरांपर्यंत वाढवला तर सात जाती पुरतात. तीन घरांपर्यंत वाढवला तर बारा. ३०० जाती सक्तीने लागाव्यात असं हवं असेल तर पट्टा १९ घरांएवढा रुंद पाहिजे. एका घराची रुंदी १० मीटर धरली तर १९० मीटर, आणि त्या अख्ख्या वर्तुळात आईचं एकही मूल नको.

म्हणजे 'आईशेजारी मूल येत नाही' एवढ्याने ३०० जाती टिकतात असं म्हणणं म्हणजे तीनवरून थेट तीनशेवर जाणं.

गिरीश_दादा
मग हा सिद्धांतच चुकीचा की काय? एवढी वर्षं लोक का धरून बसलेत?

आकडेमोड
चुकीचा नाही म्हणालो. भूमिती फक्त 'कमीत कमी किती जाती लागतील' हे सांगते, 'जास्तीत जास्त किती टिकू शकतील' हे नाही. खरं काम दुर्मीळ जातीच्या फायद्याने होतं. एखादी जात कमी झाली की तिच्या बिया बहुतेक ठिकाणी तिच्याच झाडांपासून लांब पडतात, शत्रूला सापडत नाहीत, ती पुन्हा वाढते. फार वाढली की सगळीकडे तिची आई उभी, शत्रू सगळीकडे, ती पुन्हा घटते. हा दाब किती जोरात पाहिजे त्यावर मॉडेलवाल्यांत एकमत नाहीच. २०१९ मध्ये टाल लेव्ही आणि इतरांनी दाखवलं की अशा शत्रूंच्या जोरावर शेकडो जाती टिकू शकतात. पुढच्याच वर्षी रायन चिझम आणि टाक फुंग यांनी दाखवलं की जातींची मुळातली ताकद वेगवेगळी असेल तर हा दाब कमजोर पडतो आणि जोरदार जात बाकीच्यांना हळूहळू ढकलून देते. गृहीतकं बदलली की उत्तर बदलतं.

तन्वी_प
मग मॉडेल बाजूला ठेवू. जंगलात कुणी शत्रू काढून बघितलेत का? किडे मारले आणि विविधता घटली, असा सरळ प्रयोग?

बीजकोश
हो, आणि तो निकाल मला स्वतःला फार विचार करायला लावणारा वाटला. बेलीझमध्ये चिकिबुल नावाचं जंगल आहे. रॉबर्ट बागची आणि इतरांनी तिथे जमिनीवर छोटे छोटे तुकडे आखले, काहींवर बुरशीनाशक फवारलं, काहींवर कीटकनाशक, काहींवर नुसतं पाणी. किती बिया पडतात ते बाजूच्या जाळ्यांत मोजलं आणि नंतर किती जातींची रोपं उभी राहिली ते मोजलं. २०१४ मध्ये छापून आलं.

साध्या तुकड्यांत बी ते रोप या प्रवासात विविधता वाढते, म्हणजे दाट पडलेल्या जातींना जास्त फटका बसतो आणि विरळ जाती वर येतात. एका बुरशीनाशकाने हा परिणाम मोडला, रोपांमधली विविधता साधारण १६ टक्क्यांनी घटली. कीटकनाशकाने काय झालं? रोपांची संख्या २.७ पट झाली, कुठल्या जाती जास्त आणि कुठल्या कमी याचं चित्र पूर्ण बदललं, पण विविधता तेवढी घटली नाही.

नीट बघा, किडे प्रचंड बिया आणि रोपं मारत होते हे सिद्ध झालं. पण ते मारणं दुर्मीळ जातींच्या बाजूने झुकलेलं होतं असं तिथे दिसलं नाही, ते काम बुरशी (आणि बुरशीसारखे जीव) करत होती. किती मेले आणि कोण मेले हे वेगळे प्रश्न आहेत, आणि मीसुद्धा सुरुवातीची काही वर्षं फक्त पहिलाच मोजत होतो.

गिरीश_दादा
म्हणजे माझे उंदीर, खारी तर गेलेच, आता किडेपण गेले!

बीजकोश
गेले नाहीत दादा, एवढ्यात नाही. त्या फवारणीला मर्यादा आहे. फळ झाडावर असतानाच ज्या बियांत अळी शिरली त्या बीला जमिनीवरच्या फवाऱ्याचा काय उपयोग? ते नुकसान सगळ्या तुकड्यांत सारखंच राहिलं, मोजलंच गेलं नाही. आणि एका जंगलात सतरा महिन्यांचा प्रयोग आहे तो.

तुमच्या मोठ्या प्राण्यांबद्दल पेरूमधली गोष्ट सांगतो. मानू राष्ट्रीय उद्यानात कोचा काशू म्हणून अभ्यासाची जागा आहे. तिथे पांढऱ्या ओठांचे पेकरी, रानडुकरासारखे प्राणी, मोठ्या कळपांनी फिरतात आणि ॲस्ट्रोकॅरियम नावाच्या ताडाचं कठीण बी फोडून खातात. १९७८ मध्ये हे कळप तिथून नाहीसेच झाले, बारा वर्षांनी परत आले. माइल्स सिलमन, जॉन टर्बोर्ग आणि रिचर्ड किल्टी यांच्याकडे आधीचे, मधले आणि नंतरचे आकडे होते. पेकरी नसताना त्या ताडाची रोपं १.७ पट झाली, ते परत आल्यावर पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आली. म्हणजे जंगलातल्या एका सगळ्यात जास्त असणाऱ्या झाडाला एक बी खाणारा प्राणी ताब्यात ठेवत होता. पण हा कळप मैलोनमैल फिरतो, त्याला आई ५ मीटरवर आहे की ५० याने काही फरक पडत नाही. त्याच भागात ताडांच्या बियांवर नंतर जे काम झालं त्यात अंतराचा परिणाम किड्यांच्या बाबतीत दिसला, मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत नाही. माझ्या मते अंतराचा नियम किडा आणि बुरशी चालवतात, आणि पेकरीसारखे प्राणी एखादी जात अख्ख्या जंगलात फार माजू देत नाहीत.

उंदरांच्या बाबतीत अजून एक. बारो कोलोराडोवर अगूटी नावाचा मोठा कुरतडणारा प्राणी बिया पुरून ठेवतो. पॅट्रिक जॅन्सन आणि इतरांनी बियांना रेडिओ बसवून माग काढला तर एक बी ३६ वेळा उकरून पुन्हा पुरलेलं निघालं, कारण अगूटी एकमेकांचा साठा चोरतात. बी खाणारा प्राणीच त्याला आईपासून लांब नेतो, त्यामुळे त्याला नुसतं शत्रू म्हणून मोजलं तर हिशेब उलटा होतो.

आकडेमोड
मोजण्याच्या चुकीचं एक उदाहरण मी देतो, कारण यात मोठमोठे लोक अडकले. २००० मध्ये काइल हार्म्स आणि सहकाऱ्यांनी बारो कोलोराडोवर २०० जाळ्यांत पडलेल्या बिया आणि त्या जाळ्यांशेजारच्या चौकोनांतली रोपं मोजली. ५३ जाती तपासल्या, सगळ्यांत दिसलं की बिया दुप्पट झाल्या तरी रोपं दुप्पट होत नाहीत, कमीच वाढतात. त्रेपन्नपैकी त्रेपन्न! तेव्हा वाटलं प्रश्न मिटला.

पण जाळीतलं बी आणि चौकोनातलं रोप एका जागेवरचे नाहीत, शेजारचे आहेत. समजा जाळीवर पक्षी बसला आणि पन्नास बिया टाकून गेला, शेजारच्या चौकोनात पडल्या पाचच. तिथे रोपं पाच बियांच्या हिशेबाने येणार, पण मी लिहिणार 'बिया पन्नास, रोपं इतकी कमी, म्हणजे गर्दीने मारली'. उलट जाळीत एक बी आणि शेजारी वीस पडल्या तर मी लिहिणार 'विरळ ठिकाणी किती छान जगली'. दोन्हीकडे शत्रू नाहीच, फक्त मोजणीतली चूक आहे, आणि ती नेमकी आपल्याला हव्या त्या दिशेने झुकते. मातेओ डेट्टो आणि इतरांनी २०१९ मध्ये हे सविस्तर दाखवलं. परिणाम शून्य आहे असं नाही, पण जुन्या आकड्यांत तो फुगलेला असण्याची शक्यता आहे. म्हणून मी नुसत्या निरीक्षणापेक्षा फवारणीसारख्या प्रयोगावर जास्त विश्वास ठेवतो.

तन्वी_प
म्हणजे आत्ता मला जे दिसतंय ते असं, की आईजवळ बिया जास्त मरतात हे पक्कं, पण त्यातून...

बीजकोश
'पक्कं' याच्यातही थोडं थांब. लिझा कोमिटा आणि इतरांनी २०१४ मध्ये आधीच्या चाळीस वर्षांतले प्रयोग एकत्र केले. एकूण कल जॅन्झन आणि कॉनेलच्याच बाजूने निघाला, अंतर आणि गर्दी दोन्ही. पण अंतराचा परिणाम बियांपेक्षा रोपांवर जास्त होता. आणि दुसरं जे निघालं ते मला जास्त टोचतं, उष्ण प्रदेशात हा परिणाम थंड प्रदेशापेक्षा जोरदार आहे असं काही दिसलं नाही. जॅन्झनची मूळ कल्पनाच ही होती की विषुववृत्ताजवळ थंडीने किडे मरत नाहीत, वर्षभर दबाव राहतो, म्हणून तिथे जाती जास्त. शत्रू दोन्हीकडे सारखेच असतील तर जातींमधला फरक कशाने आला?

मीनाताई
एक विचारू का? काही झाडांना एखाद्या वर्षी इतक्या बिया येतात की खाणारे खाऊन थकतात. आमच्या झाडाचं तसंच, एक वर्ष सोडून. तेव्हा गर्दीतलीच बी वाचत असेल ना?

बीजकोश
ताई, हा फार नेमका प्रश्न आहे. हो, तेव्हा गणित उलटं फिरतं. बोर्निओमध्ये डिप्टेरोकार्प कुळातल्या अनेक जातींची झाडं काही वर्षांच्या अंतराने एकाच वेळी बिया टाकतात, खाणाऱ्यांची पोटं भरतात आणि उरलेल्या बिया रुजतात. लिसा करनने तिथे काम केलंय. अशा वेळी एकटं पडलेलं झाड, ज्याने चुकीच्या वर्षी थोड्याच बिया टाकल्या, त्याची एकूण एक बी खाल्ली जाते. म्हणजे गर्दीत फायदा आणि दुर्मीळ असण्यात तोटा, विविधतेच्या दृष्टीने नेमकं विरुद्ध. तरीही ती जंगलं जातींनी भरलेली आहेत. मला याचं समाधानकारक उत्तर अजून मिळालेलं नाही. रोपांच्या टप्प्यावर बुरशी ते भरून काढत असेल असं काहीजण म्हणतात, शक्य आहे.

तन्वी_प
मीनाताई, तुम्ही यावर्षी मोजाल का? झाडाखालच्या शंभर शेंगा आणि लांब वाहून गेलेल्या शंभर, भोकं किती.

मीनाताई
मोजीन की. पण लांबच्या शेंगा मी कुठून आणू, सगळ्या खालीच पडतात.

बीजकोश
तुम्हीच ठेवा. पडल्या पडल्या, भोकं पडायच्या आत, निम्म्या उचलून ३०-४० पावलांवर तसल्याच सावलीत ठेवा, जिथे त्या जातीचं दुसरं झाड नसेल. दोन्हीकडे सारख्याच संख्येने, सारख्याच विरळ पसरून. आणि मुख्य म्हणजे उचलतानाच वीसेक शेंगा झाकणाच्या बरणीत घालून वेगळ्या ठेवा. त्या बरणीतसुद्धा भुंगेरे निघाले तर अंडी झाडावरच घातली गेली होती, मग तुमच्या झाडाला बी लांब नेऊन काहीच फायदा नाही, आणि या धाग्यातलं निम्मं अंतराचं बोलणं त्या किड्याला लागू होत नाही.

मीनाताई
बरणी आहे. झाकणाला भोकं पाडायची का?

बीजकोश
भोकं नको, पातळ कापड बांधा. भुंगेरे दोन-तीन मिलिमीटरचे असतात, झाकणाच्या भोकातून निघून जातात.